कंपनी सोडली तर शेअर कोणाचे? फाउंडर वेस्टिंगच्या कलमांचा हिशेब

गुंतवणूकदाराची टर्मशीट हातात पडली की फाउंडर आधी दोन आकडे बघतात: पैसे किती आणि त्या बदल्यात हिस्सा किती. खाली कुठेतरी एक ओळ असते, ‘फाउंडरचे शेअर चार वर्षांत वेस्ट होतील, एक वर्षाचा क्लिफ’. सगळीकडे असंच असतं असं म्हणून ती सोडून दिली जाते. चार वर्षं आणि एक वर्ष हे आकडे खरोखरच जवळपास सगळीकडे तेच असतात. नुकसान त्या आकड्यांनी सहसा होत नाही. ते होतं मोजणी कोणत्या तारखेपासून सुरू होते, राजीनामा कोणत्या व्याख्येत बसतो आणि परत जाणाऱ्या शेअरची किंमत काय ठरते, या तीन जागी. त्या तिन्ही जागा शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटच्या, म्हणजे एसएचएच्या, आतल्या पानांवर असतात.

शेअर तुमचेच, पण अटीवर

कर्मचाऱ्याला ईसॉप मिळतो तेव्हा आधी हक्क मिळतो आणि शेअर नंतर येतात. फाउंडरचं उलट आहे. कंपनी नोंदवली त्याच दिवशी शेअर त्याच्या नावावर झालेले असतात. गुंतवणूकदार आला की तेच शेअर अटीखाली जातात. ठरलेल्या काळाआधी काम सोडलं, तर तोवर वेस्ट न झालेले शेअर करारात लिहिलेल्या किमतीला सोडून द्यायचे, ही ती अट. याला रिव्हर्स वेस्टिंग म्हणतात. मतदानाचा आणि लाभांशाचा हक्क मधल्या काळात सहसा फाउंडरकडेच राहतो, मात्र ते शेअर त्याला विकता किंवा तारण ठेवता येत नाहीत.

पुढचा सगळा हिशेब एका काल्पनिक कंपनीवर करू. पुण्यातली तिघांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एक रुपया दर्शनी किमतीचे एकूण १,२०,००० शेअर आहेत: पहिल्या फाउंडरकडे ४८,००० आणि उरलेल्या दोघांकडे प्रत्येकी ३६,०००. कंपनी दीड वर्षाची झाल्यावर गुंतवणूकदार १ कोटी ८० लाख रुपये घालतो आणि ६०० रुपये भावाने ३०,००० नवे शेअर घेतो. एकूण शेअर दीड लाख होतात आणि त्याचा हिस्सा २० टक्के. तिसऱ्या फाउंडरचे ३६,००० शेअर आता २४ टक्के आहेत. ४८ महिन्यांत ते वेस्ट होणार, म्हणजे महिन्याला ७५०.

हा तिसरा फाउंडर पैसे आल्यानंतर २० महिन्यांनी राजीनामा देतो. त्याच्या हाती काय राहील?

पहिली जागा: मोजणीची तारीख

गुंतवणूकदाराच्या वकिलाने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात वेस्टिंग बहुधा पैसे जमा झाल्याच्या दिवसापासून, म्हणजे क्लोजिंगपासून, सुरू होतं. तसं झालं तर २० महिन्यांचे १५,००० शेअर वेस्ट होतात आणि २१,००० जातात. आधीचं दीड वर्ष बिनपगारी काम केलं असलं तरी ते हिशेबात येत नाही.

मोजणी कंपनी नोंदणीच्या तारखेपासून धरली तर ३८ महिने भरतात. मग २८,५०० शेअर राहतात आणि फक्त ७,५०० जातात. दोन तारखांमधला फरक १३,५०० शेअरचा आहे. ६०० रुपयांच्या भावाने ही रक्कम ८१ लाख होते. हा भाव गुंतवणूकदाराने विशेष हक्क असलेल्या प्रेफरन्स शेअरसाठी दिलेला असतो, त्यामुळे फाउंडरच्या साध्या शेअरला तो आज मिळेल असं नाही. तरीही एका तारखेवर किती अवलंबून आहे याचा अंदाज येतो.

गुंतवणूकदाराची बाजूही खरी आहे. काम सोडून गेलेल्या माणसाकडे १९ टक्के पडून राहिले, तर पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार कुरकुर करतो आणि त्याच्या जागी येणाऱ्याला देण्यासाठी हिस्साच उरत नाही. म्हणून मधला मार्ग मागावा: क्लोजिंगच्या दिवशी २५ टक्के शेअर वेस्ट झाले असं धरायचं आणि उरलेले ३६ महिन्यांत, क्लिफशिवाय. आपल्या उदाहरणात ९,००० आधीचे आणि २० महिन्यांचे १५,००० मिळून २४,००० शेअर राहतात. ही मागणी टर्मशीटवर सही होण्याआधीच करावी. टर्मशीटचा बहुतेक भाग कायद्याने बांधणारा नसतो, पण तिथे मान्य केलेली गोष्ट एसएचएच्या वेळी बदलून मागितली की तुम्ही शब्द फिरवला असं धरलं जातं.

क्लिफबद्दल फार बोलायला नको. पहिले बारा महिने काहीच वेस्ट होत नाही आणि बारावा महिना भरला की एकदम ९,००० शेअर वेस्ट होतात. अकराव्या महिन्यात बाहेर पडणाऱ्याला शून्य मिळतं. कालपरवा एकत्र आलेल्या फाउंडरांसाठी ही अट रास्तच आहे आणि गुंतवणूकदार नसला तरी आपसात लिहून ठेवावी. पण दीड-दोन वर्षं एकत्र काम केलेल्यांवर क्लोजिंगपासून नवा क्लिफ लावण्याला तसा आधार नाही. तो काढून मागावा.

दुसरी जागा: राजीनामा कुठे बसतो?

बाहेर पडणारा फाउंडर गुड लीव्हर की बॅड लीव्हर, यावर त्याच्या शेअरचं काय होणार ते ठरतं. मृत्यू, कायमचं अपंगत्व आणि ठोस कारण न देता कंपनीने काढून टाकणं ही कारणं जवळपास प्रत्येक करारात गुड लीव्हरमध्ये असतात. अफरातफर, गुन्ह्यात शिक्षा, कराराचा गंभीर भंग ही बॅड लीव्हरमध्ये. यावर कुणाचं भांडण होत नाही. भांडण होतं ते साध्या राजीनाम्यावरून.

मसुद्यात अनेकदा अशा अर्थाचं वाक्य सापडतं: ‘गुड लीव्हर नसलेला प्रत्येक फाउंडर बॅड लीव्हर समजला जाईल.’ दिसायला ही साधी व्याख्या आहे. पण गुड लीव्हरच्या यादीत राजीनामा नसेल, तर घरच्या आजारपणासाठी रीतसर नोटीस देऊन बाहेर पडणारा आणि कंपनीचे पैसे खाणारा, दोघे एकाच ओळीत बसतात. काही मसुद्यांत ‘संचालक मंडळाच्या संमतीने दिलेला राजीनामा’ गुड लीव्हरमध्ये असतो. ती संमती गुंतवणूकदाराच्या संचालकाच्या हो म्हणण्यावर अवलंबून असेल, तर हा दिलासा नुसता कागदावरचा.

मागायचं ते नेमकं उलट. बॅड लीव्हरची यादी बंद असावी आणि तिच्याबाहेरचा प्रत्येक जण गुड लीव्हर धरला जावा. हे मान्य झालं नाही तर तिसरा वर्ग मागावा: स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचे वेस्ट झालेले शेअर त्याच्याकडे राहतील, न झालेले दर्शनी किमतीला जातील.

हा फरक का महत्त्वाचा, ते पुन्हा तिसऱ्या फाउंडरवर बघा. क्लोजिंगपासूनची मोजणी धरू.

- गुड लीव्हर ठरला, तर १५,००० शेअर राहतात आणि २१,००० जातात.
- सौम्य कलमाखाली बॅड लीव्हर ठरला, तर आकडे तेच राहतात. फक्त जाणाऱ्या शेअरचा भाव बाजारभावाऐवजी एक रुपया होतो.
- कडक कलमाखाली बॅड लीव्हर ठरला, तर वेस्ट झालेलेही परत घेतले जातात. ३६,००० शेअर, एक रुपयाने, म्हणजे सगळे मिळून ३६,००० रुपये.

तिसरा प्रकार मान्य करायचाच असेल, तर तो फक्त न्यायालयात किंवा लवादापुढे सिद्ध झालेल्या अफरातफरीपुरता ठेवावा. ‘संचालक मंडळाच्या मते’ हे शब्द दिसले की थांबा. आरोप लेखी कळवणं, सुधारता येण्याजोगी चूक असेल तर ती सुधारायला ३० दिवस देणं, आणि निर्णय लागेपर्यंत शेअर हस्तांतरित न होता जागच्या जागी राहणं, या तीन गोष्टी कलमात हव्यात.

कडक कलम न्यायालयात टिकेलच असं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. बॅड लीव्हरचं कडक कलम दंडासारखं आहे असा बचाव फाउंडर घेऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची स्पर्धाबंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही. म्हणून वकील ती शेअरशी बांधतात: स्पर्धक कंपनीत गेलात तर बॅड लीव्हर. हे वाक्य असेल तर स्पर्धकांची नावं किंवा व्यवसायाची नेमकी व्याख्या आणि काळाची मर्यादा मागून घ्या.

असे वाद कुठवर जातात हे भारतपे आणि तिचे सहसंस्थापक अश्नीर ग्रोव्हर यांच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी मार्च २०२२ मध्ये राजीनामा दिला. कंपनीने त्यांचे अटीखालचे शेअर परत मिळवण्यासाठी लवादाकडे धाव घेतली आणि समझोता जाहीर झाला तो सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस. त्यांचे काही शेअर कंपनीच्या हितासाठीच्या ट्रस्टकडे गेले आणि उरलेले त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे.

तिसरी जागा: एक रुपयाचा भाव आणि लाखांचा कर

शेअर दर्शनी किमतीला परत जातील, एवढं लिहून मसुदा थांबतो. प्राप्तिकर कायदा थांबत नाही. अनलिस्टेड शेअर नियमानुसार काढलेल्या वाजवी किमतीपेक्षा कमी भावाने विकले, तर विकणाऱ्याला ती वाजवी किंमत मिळाली असं धरून भांडवली नफा मोजला जातो. घेणाऱ्याचा फायदा ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर तो त्याच्या उत्पन्नात धरला जातो. १९६१ च्या कायद्यात ही कलमं ५०सीए आणि ५६(२)(एक्स) म्हणून ओळखली जात. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले, तत्त्व तेच आहे.

ही वाजवी किंमत ६०० रुपये नसते. ती कंपनीच्या ताळेबंदातल्या मालमत्तेवरून निघते. आपल्या उदाहरणात सीएने ती शेअरला ५० रुपये काढली असं समजू. तिसऱ्या फाउंडरने २१,००० शेअर एक रुपयाने बाकी दोघांना दिले. त्याच्या हाती आले २१,००० रुपये. कायद्याच्या नजरेत त्याला साडेदहा लाख मिळाले. मूळ खर्च २१,००० वजा जाता नफा १०,२९,०००. शेअर दोन वर्षांहून जास्त काळ त्याच्याकडे होते, म्हणून दीर्घकालीन नफ्याचा दर साडेबारा टक्के. कर १,२८,६२५ रुपये, सेस वेगळा. शेअर गमावायचे, वर खिशातून लाख रुपये घालायचे.

घेणारे दोघेही सुटत नाहीत. त्यांच्या उत्पन्नात मिळून तेच १०,२९,००० धरले जातात. दोघे ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर कर ३,०८,७००. एकवीस हजारांच्या व्यवहारावर दोन्ही बाजूंचा कर मिळून ४,३७,३२५ रुपये. कंपनीच्या बँकेत जितके जास्त पैसे पडून असतील, तितका हा आकडा फुगतो.

यातून वाट काढायची तर करारातच काढावी लागते. कलमात ‘दर्शनी किंमत’ एवढंच न लिहिता बाहेर पडणाऱ्यावर येणारा कर कोण भरणार हे लिहून घ्या. गुड लीव्हरच्या बाबतीत तो कंपनीने भरावा, ही मागणी रास्त आहे. शेअर कोणाकडे जाणार यासाठी एकाहून जास्त पर्याय ठेवा: बाकी फाउंडर, ईसॉप ट्रस्ट, किंवा कंपनीकडून बायबॅक. बायबॅकला कंपनी कायद्याच्या कलम ६८ च्या मर्यादा आहेत. एका आर्थिक वर्षात इक्विटी भांडवलाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि दोन बायबॅकमध्ये एक वर्षाचं अंतर. आपले २१,००० शेअर १,२०,००० च्या इक्विटीत बसतात, पण तिघांतल्या एकाकडे निम्मे शेअर असते आणि तो बाहेर पडला असता, तर बसले नसते. कोणता मार्ग स्वस्त पडेल ते त्या वेळच्या करनियमांवर ठरेल, म्हणून निवड मोकळी ठेवणं चांगलं.

परदेशी गुंतवणूकदाराला हे शेअर एक रुपयाने घेताच येत नाहीत. निवासी भारतीयाने अनिवासीला शेअर विकताना फेमाच्या नियमांनुसार किंमत वाजवी मूल्याखाली जाऊ शकत नाही. घेणारा म्हणून सिंगापूरच्या फंडाचं नाव एकटंच असेल, तर कलम वापरायच्या दिवशी अडणार.

कागद कच्चा राहिला तर

एसएचएवर सही झाली म्हणजे काम संपलं नाही. व्ही. बी. रंगराज प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खासगी कंपनीच्या शेअर हस्तांतरणावरचे जे निर्बंध आर्टिकल्समध्ये नाहीत, ते कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक नाहीत. म्हणून वेस्टिंग आणि लीव्हरची कलमं विशेष ठराव करून आर्टिकल्समध्ये घालावी लागतात आणि ३० दिवसांत एमजीटी-१४ फॉर्म भरावा लागतो. सहा महिन्यांनी सीएसला विचारा, ‘फॉर्मची पावती दाखवा.’ पावती नसेल तर कलम लंगडं आहे, आणि तो तोटा कंपनीत राहणाऱ्यांचा.

हस्तांतरण प्रत्यक्षात कसं होणार हेही बघा. कोरा, तारीख नसलेला एसएच-४ फॉर्म आधीच सही करून घेण्याची जुनी पद्धत आहे. शेअर डीमॅट झाले असतील तर त्या कागदाचा उपयोग नाही. डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे सूचना द्यावी लागते. छोट्या कंपन्या वगळता खासगी कंपन्यांना आता डीमॅट सक्तीचं आहे, म्हणून कुलमुखत्यारपत्र डीमॅटला चालेल असं हवं. फाउंडर म्हणून सही करताना त्या मुखत्यारपत्राचा वापर कोणत्या घटनेनंतर आणि किती दिवसांच्या नोटिशीने होईल, हे त्यातच लिहून घ्या.

बिल किती येतं?

वकिलाची फी ठरलेली नसते. तासावर न घेता एकरकमी मागा आणि मसुद्याच्या किती फेऱ्या त्यात धरल्या आहेत ते लेखी घ्या. गुंतवणूकदाराच्या वकिलाचं बिलही बहुधा कंपनीच्याच माथी येतं. त्याला टर्मशीटमध्ये कमाल मर्यादा घाला. तो वकील तुमचा नाही, हेही लक्षात ठेवा. वकिलाच्या फीवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीला भरावा लागतो. आधीच्या वर्षीची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेत असेल तर माफ.

बाकीचे खर्च असे:

- महाराष्ट्रात करारावर किमान ५०० रुपयांचा मुद्रांक. करारातून रकमेचा हक्क निर्माण होत असेल तर हजारी एक ते दोन रुपये लागू शकतात, ते वकिलाकडून लेखी घ्या.
- एमजीटी-१४ चं सरकारी शुल्क अधिकृत भांडवल एक ते पाच लाखांच्या आत असेल तर ३०० रुपये. उशीर झाला तर बारापटीपर्यंत जादा. सीएसची फी वेगळी.
- शेअर हस्तांतरणाचा मुद्रांक मोबदल्याच्या ०.०१५ टक्के. आपल्या २१,००० रुपयांवर सव्वातीन रुपयेही होत नाहीत.
- वाजवी किंमत काढण्याची सीएची फी. ती प्रत्येक वेळी नव्याने काढावी लागते.

सगळ्यात महाग वाद. १५,००० शेअरचा, म्हणजे ६०० रुपयांप्रमाणे ९० लाखांचा वाद लवादापुढे गेला, तर लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दरानुसार एका लवादाची फी ३,०७,५०० रुपये होते. तीन लवाद नेमले तर ९,२२,५००. एकच लवाद असेल तर त्याला २५ टक्के जास्त, म्हणजे ३,८४,३७५. वकील वेगळेच. करारात ‘एकच लवाद, ठिकाण पुणे’ एवढं लिहिल्याने पाच लाखांहून जास्त वाचतात.

सहीआधीचा तक्ता

मसुदा हातात आला की एक कोरा तक्ता करा. उभ्या रांगेत चार प्रसंग: राजीनामा, कारण न देता काढून टाकणं, मृत्यू, आणि कंपनी विकली जाणं. आडव्या रांगेत चार प्रश्न: किती शेअर राहतील, किती जातील, कोणत्या भावाने, कर कोण भरणार. प्रसंग बाराव्या, विसाव्या आणि चाळिसाव्या महिन्यात घडला असं धरून आकडे भरा. कंपनी विकली जाण्याच्या ओळीत बहुतेक मसुदे गप्प असतात. विक्रीनंतर नव्या मालकाने काढलं तर उरलेले शेअर लगेच वेस्ट होतील, असं तिथे मागून घ्या. मृत्यूच्या ओळीत वारसांना काय मिळेल ते लिहा आणि डीमॅट खात्यावर नॉमिनी नेमला आहे का ते बघा.

तिघा फाउंडरांनी हा तक्ता वेगवेगळा भरावा आणि मग ताडून बघावा. ज्या चौकटीत उत्तरं जुळत नाहीत किंवा करार वाचून आकडा काढताच येत नाही, तेच कलम दुरुस्तीला परत पाठवायचं. पैसे जमा होण्याआधी ही दुरुस्ती एका ईमेलने होते. नंतर तीच करायची तर गुंतवणूकदारासह सगळ्या भागधारकांच्या सह्या आणि नवा विशेष ठराव लागतो.